'लिंग बदला' आणि एक 'ई'

शाळेच्या व्याकरणाच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेला असतो. 'लिंग बदला : मुलगा, वाघ, राजा, कवी.' अगदी कच्च्या मुलालाही चारातले दोन तरी गुण मिळवून देणारा हा प्रश्न. तीसहून अधिक वर्षे मी त्याची उत्तरे तपासली. आज मला या प्रश्नाविरुद्ध लिहायचे आहे. तो अवघड आहे अशी माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे, की तो मुलांच्या मनात एक चुकीची समजूत पेरतो आणि मूल पुढे कॉलेजात भाषाविज्ञान शिकायला गेले, की ती समजूत पहिल्याच सत्रात आडवी येते.

भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला शब्दांच्या घडणीचा भाग असतो. त्यात दोन गोष्टींमधला फरक शिकवतात. इंग्रजीत एकीला इन्फ्लेक्शन म्हणतात आणि दुसरीला डेरिव्हेशन. मराठीत यांना निरनिराळी नावे आहेत. मी आपली शाळेपासून ओळखीची नावे वापरते, विकार आणि शब्दसिद्धी. विकार म्हणजे आहे त्याच शब्दाला वाक्यात बसण्यासाठी दिलेले रूप. शब्दसिद्धी म्हणजे एका शब्दापासून दुसराच शब्द तयार करणे. तीच साडी घरात एका तऱ्हेने आणि लग्नात दुसऱ्या तऱ्हेने नेसली, तरी साडी ती साडीच राहते. पण जुन्या साडीची गोधडी शिवली, की मग ती साडी उरत नाही, कपाटातही ती वेगळ्या खणात जाते. पहिला प्रकार विकाराचा, दुसरा शब्दसिद्धीचा.

इथवर कुणाचीच अडचण नसते. अडचण पुढे येते. आमच्या इमारतीतली एक मुलगी यंदा पहिल्या वर्षाला आहे. तिच्या वहीत एक यादी होती : इंग्रजीत विकाराचे प्रत्यय आठच. अनेकवचनाचा 'स', मालकी दाखवणारा 'स', 'शी वॉक्स'मधला 'स', भूतकाळाचा 'एड', 'हॅज ईटन'मधला 'एन', चालू क्रियेचा 'इंग', आणि 'टॉलर', 'टॉलेस्ट'मधले 'अर' आणि 'एस्ट'. बाकीचे सगळे शब्दसिद्धीचे. यादी बरोबर आहे, इंग्रजीच्या बहुतेक पुस्तकांत ती अशीच मिळते. त्याच धर्तीवर तिला मराठी प्रत्ययांची यादी करायला सांगितले होते आणि ती 'ई'पाशी अडली होती. "आजी, 'ई' कुठल्या रकान्यात टाकू?" असा तिचा सरळ प्रश्न होता.

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीच्या वस्तूबद्दल आहे. विकार की शब्दसिद्धी, हा शिक्का प्रत्ययावर मारलेला नसतो. प्रत्यय त्या जागी कोणते काम करतो, त्यावर ते ठरते. इंग्रजीच्या यादीतसुद्धा हे लपलेले आहे. 'टॉलर'मधला 'अर' विकाराचा, पण 'टीचर'मधला 'अर' शब्दसिद्धीचा, आवाज एकच. 'शी इज पेंटिंग द वॉल' यात 'इंग' विकाराचा आहे, तर 'टू पेंटिंग्ज' म्हणजे भिंतीवर टांगलेली दोन चित्रे, तिथे 'पेंटिंग' हे सरळ नाम झाले, आणि म्हणून तर त्याला पुढे अनेकवचनाचा प्रत्यय लागला.

आता आपल्या 'ई'कडे येऊ. एक वाक्य घ्या :

माझी सगळी हुशारी भिंती मोजण्यात गेली.

या वाक्यात पाच शब्दांच्या शेवटी 'ई' आहे. माझी, सगळी, हुशारी, भिंती, गेली. कानाला पाचही सारख्याच लागतात. त्यांची कामे ओळखायची, तर वाक्याला थोडा धक्का द्यावा लागतो. 'हुशारी' काढून तिथे 'वेळ' ठेवा. वाक्य होते, 'माझा सगळा वेळ भिंती मोजण्यात गेला.' आपण बदलला एकच शब्द, पण तीन 'ई' आपोआप गेल्या. 'आयुष्य' ठेवून बघा : 'माझे सगळे आयुष्य भिंती मोजण्यात गेले.' पुन्हा तेच तीन शब्द बदलले. म्हणजे माझी, सगळी आणि गेली यांच्यातली 'ई' स्वतःच्या मर्जीने तिथे आलेली नाही. मुख्य नाम स्त्रीलिंगी आहे म्हणून वाक्याने ती त्यांच्यावर घातली. बोलणाऱ्याला तिथे निवड नसते. 'माझा सगळा हुशारी' असे म्हणून वेगळा अर्थ साधता येत नाही, ते फक्त चूक ठरते. हा अस्सल विकार.

आता 'हुशारी'तली 'ई'. ती कशामुळे आली? वाक्यातल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाने ती मागितलेली नाही. 'हुशार' या विशेषणापासून एक नाम हवे होते, ते या 'ई'ने बनवून दिले, जसे गरीबपासून गरिबी आणि चलाखपासून चलाखी. ही 'ई' आपल्याकडे फारसी शब्दांबरोबर आली. ती ओळखण्याची खूण अशी, की तिच्या जागी कुठलाही प्रत्यय नसलेला, मुळातच तसा असलेला शब्द ठेवता येतो. 'माझी सगळी ताकद भिंती मोजण्यात गेली.' वाक्याला काही फरक पडला नाही. 'हुशारी' हा शब्द घडवलेला आहे आणि 'ताकद' तसाच्या तसा आलेला आहे, याची वाक्याला दखलच नाही. त्याला फक्त एक स्त्रीलिंगी नाम हवे होते. शब्दसिद्धी वाक्य सुरू होण्याआधीच आटोपलेली असते, वाक्याच्या हाती तयार माल येतो.

राहिली 'भिंती'. हिच्या बाबतीत विद्यार्थी गोंधळतात, कारण इथे बोलणाऱ्याला निवड आहे. एक भिंत मोजायची की अनेक, हे मी ठरवते, मला वाक्य भाग पाडत नाही. मग हीसुद्धा शब्दसिद्धीच का म्हणू नये? नाही म्हणायचे, त्याला कारण आहे. संख्या कोणती हे निवडणे माझ्या हाती असले, तरी संख्या सांगायचीच नाही ही सोय मराठीने मला दिलेली नाही. मोजता येणाऱ्या प्रत्येक नामाला एकवचन की अनेकवचन याचे उत्तर द्यावेच लागते. 'खांब'सारखा शब्द दोन्हीकडे सारखाच दिसतो, तरीही 'एक खांब पडला' आणि 'दोन खांब पडले' यांत क्रियापद त्याचे वचन उघडे करतेच. म्हणजे जागा ठरलेली आहे, ती भरणारे रूप कधी 'ई' असते, कधी 'ए', कधी काहीच नसते. खेर्ट बोई या डच भाषाशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात हा भेद नीट मांडला. एक विकार शेजारच्या शब्दामुळे येतो, जसा 'माझी', 'गेली'मधला. दुसरा त्या शब्दाचा स्वतःचा असतो, जसे अनेकवचन. दोन्ही विकारच. दुसरा मात्र शब्दसिद्धीच्या थोडा जवळ सरकलेला.

आता त्या सनातन प्रश्नाकडे वळते. मुलगा, मुलगी. इथली 'ई' कोणती?

'लिंग बदला' म्हणणारा पेपर विद्यार्थ्याला असे सुचवतो, की 'मुलगा' नावाचा एक शब्द आहे आणि 'चांगला'चे 'चांगली' होते तसे त्याचे लिंग बदलून 'मुलगी' होते. माझे म्हणणे, असे काही होत नाही. नामाचे लिंग बदलतच नाही. विशेषणाचे बदलते, क्रियापदाचे बदलते, कारण ती लिंगे त्यांची स्वतःची नसतात, नामाकडून उसनी आणलेली असतात. नामाचे लिंग त्याच्या जन्माबरोबर येते. 'मुलगी' हा 'मुलगा'चा विकार नव्हे, तो दुसरा शब्द आहे आणि त्याचे लिंग वेगळे आहे. शब्दकोश उघडून पाहा. मुलगा आणि मुलगी या स्वतंत्र नोंदी सापडतात. 'चांगली'साठी मात्र 'चांगला' बघावा लागतो.

यासाठी तीन गोष्टी तपासून पाहता येतात. पहिली, हे काम सगळ्या शब्दांवर चालते का? चांगला, मोठा, काळा, पांढरा, अशी जी विशेषणे लिंगानुसार बदलतात, त्या सगळ्यांचे स्त्रीलिंग 'ई'नेच होते. उत्तर पाठ करावे लागत नाही. (सुंदर, लाल ही विशेषणे बदलतच नाहीत, तो गटच निराळा.) नामांत काय दिसते? मुलगा–मुलगी, पण वाघ–वाघीण, राजा–राणी, कवी–कवयित्री, मोर–लांडोर आणि बैल–गाय. म्हणून तर हा प्रश्न परीक्षेत विचारता येतो. 'चांगलाचे लिंग बदला' असे कुणी विचारत नाही, त्यात विचारण्यासारखे काही नाही. आणि 'भिंतीचे लिंग बदला' म्हटले, तर मुले हसतील. भिंतीला अनेकवचन चुकत नाही, पण पुल्लिंगी जोडीदार मात्र नाही. अशा रिकाम्या जागा हे शब्दसिद्धीचे लक्षण.

दुसरी गोष्ट, अर्थ भरकटतो का? 'चांगली'चा अर्थ 'चांगला'पासून कधी दूर जात नाही, जाऊ शकत नाही. पण गोळा आणि गोळी पाहा. औषधाच्या दुकानातली गोळी म्हणजे गोळ्याची बायको नव्हे, ती लहान वस्तू. विळा शेतात आणि विळी स्वयंपाकघरात. दोन्ही कापतात, पण दोन वेगळी हत्यारे. नव्या शब्दाला स्वतःचे आयुष्य असते, तो आईबापांपासून दूर राहायला जातो. इंग्रजीत 'कुक'ला 'अर' लावला, तर स्वयंपाक करणारा माणूस व्हायला हवा होता. पण माणूस 'कुक'च राहिला आणि 'कुकर' झाले भांडे. तुलनेच्या 'अर'ला असली हौस परवडत नाही, 'टॉलर' म्हणजे अधिक उंच एवढेच.

तिसरी गोष्ट क्रमाची. शब्दसिद्धीचा प्रत्यय मुळाशी बसतो आणि विकाराचा त्याच्या बाहेर. 'टीच'ला आधी 'अर', मग अनेकवचन, 'टीचर्स'. गरीब, मग गरिबी, मग गरिबीत. वाघ, वाघीण, वाघिणींना. 'ईण' आत आहे आणि वचन व विभक्ती बाहेर. वाघापाशी आधी 'ना' लावून मग त्याची वाघीण करता येत नाही.

या तिसऱ्या नियमावर एखादा चौकस विद्यार्थी लगेच बोट ठेवील, आणि ठेवावे. 'मोठेपणा' या शब्दाचे काय? 'पणा' तर नवे नाम घडवणारा प्रत्यय, पण त्याच्या आत 'मोठा' नाही, 'मोठे' आहे. विकार झालेले रूप आत आणि शब्दसिद्धी बाहेर! वेडेपणा, भोळेपणा, सगळीकडे तेच. नियम मोडला का? मी म्हणेन, तो 'ए' आता विकाराचे काम करीत नाही. 'तिचा मोठेपणा', 'त्याचा मोठेपणा', 'मोठेपणाने', कशानेही तो हलत नाही. वाक्यातल्या कुणाच्याही हुकमात तो नाही. दिसायला विकाराचे रूप, पण घट्ट गोठलेले. म्हणजे क्रमाचा नियमसुद्धा डोळे मिटून लावायचा नाही, काम काय चालले आहे ते बघायचे.

आता माझ्या विरुद्ध बाजूचे म्हणणेही सांगते, कारण या बाबतीत अभ्यासकांत एकमत नाही. कुत्रा, कुत्री, कुत्रे. तिन्ही लिंगे, आणि तीही थेट 'चांगला, चांगली, चांगले'च्या साच्यात. हे पाहून काही जण म्हणतात, की निदान अशा नामांत तरी लिंग हा विकारच मानावा. साच्याचे साम्य खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण साचा एक म्हणून काम एक होत नाही, हे आपण आताच पाच 'ई'ंमध्ये पाहिले. 'कुत्री'च्या जागी 'गाय' ठेवली, तर 'माझी कुत्री आली' हे वाक्य 'माझी गाय आली' असे सहज होते. 'गाय' काही 'बैल'ला प्रत्यय लावून झालेली नाही, तरी वाक्याला ती तितकीच चालते. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेतही स्त्रीलिंगी शब्द घडवणारे स्त्रीप्रत्यय हा वेगळाच गट आहे. ते ना विभक्तिप्रत्ययांत मोजले जातात, ना तद्धितांत, आणि विभक्ती त्यांच्या नंतर लागते. पाणिनीलाही ही जागा सीमेवरचीच वाटली असावी. मी सीमेच्या शब्दसिद्धीकडच्या बाजूला उभी आहे, एवढेच.

हा निव्वळ शब्दांचा कीस नव्हे. याने एक जिवंत वाद स्वच्छ दिसतो. अलीकडे अनेक स्त्रिया म्हणतात, 'आम्हाला लेखिका म्हणू नका, लेखक म्हणा.' त्यावर काही जण तावातावाने सांगतात, की हे मराठीच्या व्याकरणाविरुद्ध आहे. नाही, ते व्याकरणाविरुद्ध नाही. 'लेखिका' शब्दसिद्धीने आलेली आहे आणि शब्द वापरावा की न वापरावा, याची मुभा भाषा बोलणाऱ्याला देते. 'डॉक्टर आल्या', 'मंत्री आल्या', 'अध्यक्ष आल्या' असे आपण बिनदिक्कत म्हणतो, आणि कुणाला 'अध्यक्षा' म्हणावेसे वाटले तर तेही चालते. पण याच वाक्यांत 'आल्या' बघा. तिथे सूट नाही. नामावरचा स्त्रीलिंगाचा प्रत्यय काढून टाकला, तरी क्रियापद बाईंचे बाईपण सांगतेच, कारण तो विकार आहे. वर्गात मुले 'बाई आल्या' म्हणत आणि 'सर आले'. बाईंसाठी 'आले' म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

कुणी म्हणेल, कोल्हापूर-सांगलीकडे मुली स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी आलो' म्हणतात, त्याचे काय? त्या बोलीत कोणते रूप निवडायचे याची रीत वेगळी आहे, इतकेच. रूप निवडावे तर लागतेच; लिंगाची जागा कोरी ठेवून 'येणे' क्रियापदाचे बिनलिंगी भूतकाळी रूप तिथल्याही मुलीला मिळत नाही, कारण तसे रूपच मराठीत नाही. इंग्रजीचे उलट आहे. 'ऍक्ट्रेस' सोडून 'ऍक्टर' म्हटले, की क्रियापदात काहीच शिल्लक राहत नाही, फक्त 'शी' आलीच तर कळते. म्हणून तिथला वाद आणि इथला वाद एकाच मापाने मोजता येत नाही. विकार कुठे संपतो हे माहीत असले, तर कुठे हट्ट धरता येईल आणि कुठे धरता येणार नाही, हे भांडणाआधीच कळते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. पेपरातून 'लिंग बदला' काढावे. शब्दांच्या जोड्या शिकवायच्याच असतील, तर 'जोडीचा शब्द लिहा' असे विचारावे. मोर–लांडोर त्यात प्रामाणिकपणे बसते. आणि जे खरोखर बदलते ते तपासायचे असेल, तर वाक्य द्यावे, त्यातले एक नाम बदलायला सांगावे आणि मग आणखी कोणकोणते शब्द बदलावे लागले ते मुलांना अधोरेखित करायला लावावे. जे शब्द बदलले, तो विकार. जे जागचे हलले नाहीत, त्यांच्यातल्या प्रत्ययांकडे मग वेगळ्याने बघावे. पाचवीतले मूलही हे करील, आणि ते मूल पुढे पहिल्या वर्षाला गेले, तर 'ई' कुठल्या रकान्यात टाकू, असे त्याला विचारावे लागणार नाही. ते आधी विचारील, 'कुठल्या वाक्यातली ई?'

शाळेत अजून शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे पटते का, ते मला जरूर कळवावे. आणि 'मोठेपणा'सारखे आणखी अडेलतट्टू शब्द कुणाला सुचले, तर तेही धाडावेत.